‘येवला’तला ‘ला’ आणि ‘येवल्याला’तला ‘ला’

शाळेतल्या व्याकरणाच्या सरावपत्रिकेत एक प्रश्न हमखास असतो: ‘पुढील उताऱ्यातील विभक्तिप्रत्यय अधोरेखित करा.’ प्रश्न सोपा वाटतो. प्रत्ययांचा तक्ता मुलांना पाठ असतो: स, ला, ते, ने, ए, शी, ऊन, हून, चा, ची, चे, त, ई, आ. उताऱ्यात ही अक्षरे शोधायची आणि त्यांच्याखाली रेघ मारायची. नाशिकच्या एका शाळेतील शिक्षकांबरोबर बसून सातवीसाठी अशी एक पत्रिका आम्ही तयार केली. आमचे रोजचे काम प्रयोगशाळेतले, त्यामुळे व्याकरण हा प्रांत आमच्यासाठी थोडा परकाच. पण तपासायला आलेल्या उत्तरपत्रिका पाहिल्यावर लक्षात आले, की मुलांनी केलेल्या चुका अभ्यास न केल्याच्या नव्हत्या. त्यांनी तक्ता अगदी प्रामाणिकपणे वापरला होता. गडबड तक्ता वापरण्याच्या रीतीत होती, आणि काही ठिकाणी आम्ही केलेल्या उत्तरसूचीतही होती.

उतारा असा होता:

‘सकाळी आजीने परातीत पीठ घेतले. आजोबांचे गाव येवला. ते येवल्याहून पहाटेच निघाले होते. त्यांना पाहून मुलांना आनंद झाला. आजोबांनी पिशवीतून पेरू काढले आणि ओट्यावर ठेवले. मग ते घरामागे जाऊन झाडाला पाणी घालू लागले. संध्याकाळी गल्लीत वरात निघाली.’

बऱ्याच मुलांनी ‘येवला’मधील ‘ला’ अधोरेखित केला होता. ‘झाला’मधलाही. ‘पाहून’मधला ‘हून’ पंचमीचा ठरवला होता, आणि ‘वरात’मधला ‘त’ सप्तमीचा. कोणी हसेल, पण मूल काय म्हणते ते पाहा: ‘येवल्याहून’मध्ये ‘हून’ प्रत्यय आहे, तर ‘पाहून’मध्ये का नाही? शेवटची अक्षरे तर तीच आहेत! केवळ अक्षरांवरून पाहिले तर त्याचे म्हणणे बिनतोड आहे. पांढऱ्या भुकटीकडे नुसते पाहून ती मीठ की साखर हे सांगता येत नाही, तसेच हे.

मग ओळखायचे कसे? मराठीत प्रत्यय नामाच्या मूळ रूपाला सहसा थेट चिकटत नाही. नाम आधी आपले रूप बदलते आणि मग प्रत्यय घेते. ‘ओटा’चे ‘ओट्या’ होते, ‘परात’चे ‘पराती’, ‘झाड’चे ‘झाडा’, ‘मुले’चे ‘मुलां’. या बदललेल्या रूपाला आपण सामान्यरूप म्हणतो. म्हणजे प्रत्यय शोधायचा तर नजर शब्दाच्या शेवटावर नको, त्याच्या आधीच्या भागावर हवी. संशयित अक्षरे कापून टाकायची आणि उरलेला तुकडा कोणत्या नामाचे किंवा सर्वनामाचे सामान्यरूप आहे, हे मुलाला सांगायला लावायचे. मूळ शब्द सांगता आला तर पुढे जायचे, नाही तर ती अक्षरे शब्दाची स्वतःची आहेत.

‘येवल्याहून’मधून ‘हून’ काढला की ‘येवल्या’ उरते. हे ‘येवला’चे सामान्यरूप. ‘येवला’मधून ‘ला’ काढला की ‘येव’ उरते, आणि ‘येव’ नावाचे गाव नाही. ‘परातीत’मध्ये दोन ‘त’ आहेत. शेवटचा काढला तर ‘पराती’ उरते, म्हणजे ‘परात’. इथे थांबायचे, कारण ‘परात’मधला ‘त’ काढला तर हाती काहीच लागत नाही. ‘पाहून’मधून ‘हून’ काढला की ‘पा’ उरते. तो ‘ह’ मुळात ‘पाह’ या धातूचा आहे, म्हणून तर आपण ‘पाहतो’, ‘पाहिले’ असे म्हणतो. धातूला ‘ऊन’ लागून ‘पाहून’ झाले, जसे ‘जा’ला लागून ‘जाऊन’ झाले. ‘राहून’ आणि ‘वाहून’ याच घरातले. हा ‘ऊन’ क्रियापदाच्या कुळातला आहे, त्याचा विभक्तीच्या तक्त्याशी संबंध नाही.

‘मुलांना’ या शब्दात एक बारीक गोष्ट आहे. कित्येक मुले अनुस्वारासकट तोडतात आणि प्रत्यय ‘ंना’ असा लिहितात. पण ‘मुलांनी’, ‘मुलांचा’, ‘मुलांसाठी’ असे शब्द शेजारी ठेवले की अनुस्वार प्रत्येक ठिकाणी कायम राहतो हे दिसते. म्हणजे तो प्रत्ययाचा नाही, अनेकवचनी सामान्यरूपाचा आहे. हे एकदा कळले की ‘मुलाना’ असे अशुद्ध लिहिण्याची सवयही कमी होते, असा आमचा अनुभव आहे.

आता ‘वरात’. ‘त’ कापला तर ‘वरा’ उरते, आणि ‘वरा’ हे ‘वर’ (म्हणजे नवरदेव) या शब्दाचे चांगले सामान्यरूप आहे! आमची कसोटी इथे फसली. ‘वरात खोट नाही, पण मुलीला तो पसंत नाही’ या वाक्यात ‘वरात’ खरोखरच ‘वर’ अधिक ‘त’ आहे. ‘गल्लीत वरात निघाली’ यात तो एकसंध शब्द आहे. कापून पाहण्याने हा निवाडा होणार नाही, कारण शब्द दोन्हीकडे सारखाच दिसतो. निवाडा वाक्यच करते. त्या जागी दुसरा ओळखीचा शब्द घालून पाहायचा. ‘गल्लीत मिरवणूक निघाली’ हे वाक्य चालते, आणि ‘मिरवणूक’ला कोणतेही शेपूट लावावे लागत नाही. म्हणून ‘वरात’लाही नव्हते. पहिल्या वाक्यात मात्र ‘नवरदेवात खोट नाही’ असेच म्हणावे लागते, ‘त’ गळत नाही. ‘येवला’लाही हीच कसोटी लावता येते. ‘येवला पैठणीसाठी प्रसिद्ध आहे’ या वाक्यात येवल्याऐवजी पैठण घातले तर नुसते ‘पैठण’ पुरते. ‘येवल्याला गेलो’मध्ये घातले तर ‘पैठणला गेलो’ म्हणावे लागते, ‘ला’ जागेवर राहतो.

‘झाला’, ‘आला’, ‘लागला’ यांचा ‘ला’ तर याहून लवकर ओळखू येतो. आनंदाऐवजी गर्दी घाला: ‘गर्दी झाली’. ‘ला’चा ‘ली’ झाला की तो क्रियापदाचा भाग आहे. विभक्तीचा ‘ला’ असा बदलत नाही, ‘झाडाला’चे ‘झाडाली’ कधी होत नाही. (षष्ठीचा ‘चा’ मात्र पुढच्या शब्दाप्रमाणे ‘ची’, ‘चे’ होतो. म्हणून ‘बदलतो तो प्रत्यय नव्हे’ असा सरसकट नियम मुलांना देऊ नये.)

सामान्यरूपावर इतका भर दिल्यावर एका मुलीने विचारले, ‘मग ‘नाशिकला’ कसे? ‘नाशिक’ तर बदललेच नाही.’ प्रश्न रास्त होता आणि आम्ही त्याचा विचार केलेला नव्हता. अकारान्त विशेषनामे, त्यातही गावांची नावे, बोलताना आपण शक्यतो अखंड ठेवतो: नाशिकला, सिन्नरहून, मनमाडचा. ‘सिन्नराला’ कोणी म्हणत नाही. पण नाव आकारान्त किंवा एकारान्त असले की ते बदलतेच: येवल्याला, सटाण्याहून, पुण्याचा. आणि गंमत म्हणजे खुद्द नाशिक दोन्ही बाजूंनी खेळते. ‘ला’ लागताना ते ‘नाशिक’च राहते, पण ‘त’ लागला की पुष्कळदा ‘नाशकात’ होते, अगदी ‘माणूस’चे ‘माणसात’ आणि ‘लाकूड’चे ‘लाकडात’ व्हावे तसे. ज्या नावांना ‘त’ लावणे जिभेवर येत नाही, तिथे आपण ‘मध्ये’ वापरून सुटका करून घेतो: सिन्नरमध्ये, निफाडमध्ये. म्हणून सरावपत्रिकेत पहिल्याच वाक्याला गावाचे नाव घालू नये. आधी ओटा, परात, झाड, पिशवी असे शब्द द्यावेत आणि नावे नंतर आणावीत.

‘मध्ये’ आला म्हणजे शब्दयोगी अव्यय आले. हिंदीत ‘घर में’, ‘पेड़ पर’ असे नामापासून तोडून लिहितात, त्यामुळे दोन वस्तू आहेत हे डोळ्यांना दिसते. मराठीत प्रत्यय आणि शब्दयोगी अव्यय दोन्ही नामाला जोडूनच लिहायचे, आणि दोन्ही सामान्यरूपानंतरच येतात: ‘झाडाला’, ‘झाडावर’. तेव्हा कापण्याची कसोटी या दोघांना वेगळे करू शकत नाही. त्यासाठी आम्ही शिक्षकांना दुसरी एक युक्ती सुचवली. मध्ये ‘च्या’ घालून पाहायचा. ‘घरामागे’चे ‘घराच्या मागे’ होते. ‘ओट्यावर’चे ‘ओट्याच्या वर’ होते. अर्थ किंचित सरकतो, पण वाक्य मोडत नाही. ‘झाडाला’चे मात्र ‘झाडाच्या ला’ होऊ शकत नाही, ‘आजीने’चे ‘आजीच्या ने’ होत नाही. याचे कारण उघड आहे. ‘मागे’, ‘वर’, ‘खाली’, ‘जवळ’ हे एकटे उभे राहू शकणारे शब्द आहेत. ‘तो मागे राहिला’ या वाक्यात ‘मागे’ कोणालाच जोडलेला नाही, तिथे तो क्रियाविशेषण आहे. ‘ला’ आणि ‘ने’ यांना एकटे राहताच येत नाही.

ही युक्ती वर्गात छान चालते, पण ती कुठे अडते हेही शिक्षकाला ठाऊक असावे. ‘पर्यंत’ हे शब्दयोगी अव्यय आहे, तरी ‘घराच्या पर्यंत’ असे आपण म्हणत नाही. आणि सर्वनामांकडे वळले तर चित्र आणखी धूसर होते. ‘मी’चे ‘माझ्यासाठी’, ‘माझ्यामागे’, ‘माझ्यापर्यंत’ होते, ते ठीक. पण ‘माझ्याशी’, ‘माझ्यात’, ‘माझ्याहून’ हेही होते. ‘शी’, ‘त’ आणि ‘हून’ तर तक्त्यात प्रत्यय म्हणून बसलेले आहेत, आणि इथे ते शब्दयोगी अव्ययांसारखे वागताना दिसतात. फक्त ‘मला’ या घोळक्यात येत नाही, ‘माझ्याला’ असे प्रमाण मराठीत होत नाही. शिवाय ‘घरात’ आणि ‘घरामध्ये’ यांच्या अर्थात असा काय फरक आहे, की एकाला प्रत्यय म्हणावे आणि दुसऱ्याला अव्यय? आमच्या मते ही सीमारेषा भाषेने जितकी आखली, तितकीच व्याकरणकारांनीही आखली आहे. दादोबा पांडुरंगांचे व्याकरण 1836 साली प्रसिद्ध झाले, मोरो केशव दामले यांचे ‘शास्त्रीय मराठी व्याकरण’ 1911 साली. या परंपरेतून शाळेत पोचलेली विभक्तींची चौकट मुळात संस्कृतची आहे. त्या चौकटीत ज्यांना जागा मिळाली ते प्रत्यय, बाकीची अव्यये. तेव्हा ‘हा प्रत्यय की शब्दयोगी?’ या प्रश्नाचे शेवटचे उत्तर शाळेपुरते तरी ‘तक्त्यात आहे का, ते पाहा’ हेच राहते. ते तसे आहे हे मुलांना सांगायला हरकत नसावी.

‘पिशवीतून’ या शब्दाने आमच्यातच वाद लावला. उत्तरसूचीत आम्ही ‘ऊन’ लिहिले होते. काही मुलांनी ‘तून’ लिहिले, एकाने ‘त’ आणि ‘ऊन’ दोन्ही. तिसऱ्याचे उत्तर सर्वांत खरे. ‘पिशवीत’ हे आधी तयार झाले आणि त्याला ‘ऊन’ लागले. तसेच ‘ओट्यावरून’मध्ये शब्दयोगी अव्ययाच्या मागे ‘ऊन’ येतो. मराठी असे एकावर एक थर चढवते, आणि तक्त्यात थरांना जागा नाही. पंचमी म्हणून गुण तिघांनाही द्यावेत, असे ठरले.

खरी पंचाईत मात्र द्वितीया आणि चतुर्थी यांची. संस्कृतात ‘रामम्’ आणि ‘रामाय’ ही दोन वेगळी रूपे आहेत, त्यामुळे रूप पाहूनच विभक्ती सांगता येते. मराठीत दोन्हीकडे ‘रामाला’. तक्त्यातल्या दोन ओळी अक्षरशः सारख्या आहेत. म्हणजे ‘झाडाला’मध्ये प्रत्यय कोणता, याचे उत्तर शब्दाकडे पाहून देता येते, पण विभक्ती कोणती याचे उत्तर शब्दाकडे कितीही पाहिले तरी मिळणार नाही. ते क्रियापदाला विचारावे लागते. ‘आईने मुलाला उचलले’ यात उचलण्याची क्रिया थेट मुलावर घडते, तो कर्म, म्हणून द्वितीया. ‘आईने मुलाला लाडू दिला’ यात दिला गेला तो लाडू, मूल घेणारे, म्हणून चतुर्थी. शेजारी बिनप्रत्ययाचे दुसरे कर्म बसलेले दिसले, की ‘ला’वाला बहुधा चतुर्थीचा असतो. ‘झाडाला पाणी घालू लागले’ हे त्याच जातीचे.

इथे आणखी एक सापळा आहे. ‘पीठ घेतले’ यात पीठ हे कर्म आहे, पण त्याला प्रत्ययच नाही. मराठीत कर्म माणूस असेल तर ‘ला’ येतो, निर्जीव वस्तू असेल तर बहुधा येत नाही. ‘मुलाला उचलले’, पण ‘पीठ घेतले’. तेव्हा ‘कर्म म्हणजे द्वितीया’ असे घोकलेले मूल ‘पीठ’मध्ये प्रत्यय शोधत बसते, आणि ‘ठ’ तक्त्यात नाही म्हणून गोंधळते. एका मुलाने ‘पीठ’च्या खाली रेघ मारून शेजारी प्रश्नचिन्ह काढले होते.

‘मुलांना आनंद झाला’ यात मुलांना कोणी काही दिले नाही आणि त्यांच्यावर कोणती क्रियाही घडवली नाही. आनंद अनुभवणारी मुलेच आहेत. ‘मला भूक लागली’, ‘तिला थंडी वाजते’ ही वाक्येही अशीच. आमच्या उत्तरसूचीत चतुर्थी होती. ज्यांनी द्वितीया लिहिले त्यांचे गुण आम्ही कापले होते, ते परत दिले. कारण आम्हालाच त्या बाजूने पटेल असे कारण एका वाक्यात सांगता येईना. ज्या वाक्याच्या उत्तराचे कारण शिक्षकाला सांगता येत नाही, ते वाक्य गुणांच्या प्रश्नात नसावे. वर्गात चर्चेला जरूर घ्यावे.

यावरून पुढच्या पत्रिकेत आम्ही प्रश्नाचीच मांडणी बदलली. एकाच ओळीत ‘विभक्ती ओळखा’ असे न विचारता मुलांकडून आधी मूळ शब्द लिहून घेतला, मग सामान्यरूप, मग त्याला काय लागले ते, आणि सर्वांत शेवटी त्या शब्दाचे वाक्यात काम काय. विभक्तीचे नाव या चार उत्तरांनंतरच. ‘येवल्याहून’चे उत्तर असे येते: येवला, येवल्या, हून, जिथून निघाले ते ठिकाण, पंचमी. ‘येवला’चे उत्तर पहिल्याच रकान्यात संपते. मूल चुकले तर कोणत्या रकान्यात चुकले ते दिसते, आणि पहिल्या तीन रकान्यांतली चूक व शेवटच्या दोन रकान्यांतली चूक यांवर इलाज निरनिराळा करावा लागतो.

एक उत्तर मात्र या मांडणीतही कळले नसते. एका मुलाने ‘मुलांना’ आणि ‘त्यांना’ दोन्हींपुढे षष्ठी लिहिले होते. तक्ता पाठ नसावा, असे म्हणून आम्ही पुढे गेलो होतो. नंतर वर्गशिक्षिकेने सांगितले, की तो सटाण्याकडचा, घरी अहिराणी बोलतात. अहिराणीत ‘रामचा’ला ‘रामना’ म्हणतात, ‘माझा’ला ‘मना’. बागलाण, मालेगाव, कळवण, देवळा या भागांतल्या कितीतरी मुलांच्या कानाला ‘ना’ हा मालकी दाखवणारा प्रत्यय आहे. ‘गावाला’ला ते ‘गावले’ म्हणतात आणि ‘घरात’ला ‘घरमा’. त्या मुलाने तक्ता विसरून नव्हे, तर आपल्या भाषेचा तक्ता वापरून उत्तर दिले होते, आणि त्या तक्त्याप्रमाणे ते बरोबर होते.

पुढच्या वेळी त्या वर्गात फळ्यावर दोन रकाने आखले. डावीकडे पुस्तकातले रूप, उजवीकडे घरचे. ‘घरात’ समोर ‘घरमा’, ‘गावाला’ समोर ‘गावले’, ‘रामचा’ समोर ‘रामना’. उजवा रकाना त्या मुलाने आणि त्याच्या दोन मित्रांनी भरला. ‘घरमा’मध्ये ‘घर’ बदलले नाही, हे त्यातल्याच एकाने दाखवून दिले आणि विचारले, ‘सर, आमच्याकडे सामान्यरूप नसतं का?’ काही शब्दांत असते, काहींत नसते, असे वाटते. पुढच्या आठवड्यात घरून वीस शब्द गोळा करून आणायचे, असे त्या तिघांनी कबूल केले आहे.